वज्रपकड चिमटा : तीस सेकंदांच्या खोट्या जाहिरातीच्या नोंदी

२० जुलै २०२५, रविवार

यंदा गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला आहे. सोसायटीच्या सांस्कृतिक कार्यक्रमात आम्हाला शनिवारी, ३० ऑगस्टला जागा मिळाली आहे, फॅन्सी ड्रेस आणि पाककृती स्पर्धेचा निकाल यांच्या मधे. नाटक नको, तालमींना कोणी येत नाही. टीव्हीवर लागते तश्शी तीस सेकंदांची जाहिरात करून पडद्यावर दाखवायची असं ठरलं. वस्तू मात्र इतकी साधी हवी की तिची जाहिरात करायचं कोणाच्या मनातही येऊ नये.

केरसुणी सुचली, पण ती लक्ष्मी, सणात तिची थट्टा ज्येष्ठ मंडळींना चालणार नाही. गाळणीबद्दल कोणाला प्रेमही नाही, रागही नाही. शेवटी कपडे वाळत घालायचा चिमटा ठरला. त्याचं काम एकच, धरून ठेवणं, आणि ते सगळ्यांना एका नजरेत कळतं. दावा फुगवायचा तर मूळ दावा आधी प्रेक्षकाला पक्का माहीत असावा लागतो, नाहीतर तो फुगलाय हे कळणार कसं? शिवाय तुळशीबागेत चिमटे डझनाने मिळतात.

नाव ठरलं वज्रपकड. ‘सुपर’ आणि ‘मॅक्स’ असलेली सगळी नावं बाद केली. ती आधीच थट्टेसारखी वाटतात.

२४ जुलै

संध्याकाळी मालिकांच्या मधल्या जाहिराती आवाज बंद करून पाहिल्या. आवाज गेला की सांगाडा दिसतो. घरगुती वस्तूंच्या बहुतेक जाहिराती एकाच वाटेने जातात. आधी संकट, त्यात रंग फिके आणि बाईच्या चेहऱ्यावर वस्तूच्या मानाने दसपट दुःख. मग वस्तू अवतरते आणि घरात एकदम ऊन पडतं. मग पांढरा कोट, डावीकडे ‘साधा’ आणि उजवीकडे ‘आपला’, काहीतरी आत शिरताना दाखवणारे बाण. मग कुटुंब हसतं, शेवटी वस्तू आणि घोषवाक्य.

आपल्याकडे टीव्हीचं चित्र सेकंदाला २५ फ्रेमनी धावतं. म्हणजे तीस सेकंदांत ७५० फ्रेम. एवढ्यात हे सगळं बसवायचं तर प्रत्येक भागाला पाच-सहा सेकंदच मिळतात. म्हणून तर दुःख इतकं ढळढळीत दाखवावं लागतं, हळूहळू उदास व्हायला वेळच नसतो.

माझं मत मी आजच मांडून ठेवलं. हा सांगाडा आपण जराही मोडायचा नाही. प्रकाश खरा, संगीत खरं, पांढरा कोट खरा, गांभीर्य तर शंभर टक्के. वाढवायचा तो फक्त दावा. विडंबनात दोन्ही बाजूंनी गंमत केली की प्रेक्षकाला धरायला काही राहत नाही.

२७ जुलै, रविवार

पहिली संहिता वाचून पाहिली, तीस सेकंदांच्या दुपटीला गेली. मराठीत जाहिरातीच्या आवाजात, म्हणजे मधे श्वास आणि नाट्य ठेवून, तीस सेकंदांत पंचावन्न-साठ शब्द सुखाने बसतात. त्यापुढे गेलं की लॉटरीचे निकाल वाचल्यासारखं होतं.

छाटणी करताना खरा वाद झाला तो दावे कोणत्या क्रमाने चढवायचे यावर. चौथ्या मजल्यावरच्या मुलाच्या यादीत चिमटा चंद्रावर जातो, गुन्हेगार पकडतो, बोर्डाच्या परीक्षेत पहिला येतो. प्रत्येक गोष्ट सुटी सुटी मजेदार आहे, पण एकीतून दुसरी निघत नाही. परीक्षेत पहिला यायला चिमटाच कशाला, गाळणीही येईल. म्हणून नियम केला : प्रत्येक दावा ‘धरून ठेवतो’ यातूनच निघाला पाहिजे, आणि प्रत्येक वेळी पडद्यावर तेच दिसलं पाहिजे, चिमट्याचा क्लोजअप आणि ‘टक्’ असा आवाज. पहिली पायरी खरी, दुसरी जरा ताणलेली, शेवटची अशक्य. पण अशक्यालाही तेच ‘टक्’.

संकटाचा भाग तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी एका वाक्यात सोडवला. आम्ही म्हणत होतो की टॉवेल उडतो, चिखलात पडतो, काकू रडतात. त्या म्हणाल्या, “अगं, चिखलाचं काय, धुता येतो. खालच्यांच्या गॅलरीत पडला की तो आणायला जावं लागतं, आणि मग बोलावं लागतं!” संकट हेच. खरं आहे, छोटं आहे आणि पेठांपासून कोथरूडपर्यंत सगळ्यांना कळेल असं आहे.

आजची संहिता अशी :

(फिके रंग, व्हायोलिन) “वारा आला. टॉवेल गेला. खालच्या मजल्यावर गेला. आता तो आणायला जायचं… आणि त्यांच्याशी बोलायचं.”

(ऊन, चिमटा फिरतो) “आता नाही! सादर आहे वज्रपकड.”

(प्रयोगशाळा) “साधा चिमटा फक्त धरतो. वज्रपकड धरून ठेवते. कारण यात आहे… स्प्रिंग.”

“टॉवेल असो. गोधडी असो. दुपारची झोप असो. नाहीतर पाऊस असो.”

(काकू, कॅमेऱ्यात बघून) “वज्रपकड. सोडत नाही.”

‘स्प्रिंग’च्या आधीचा थांबा हा माझा सगळ्यात लाडका भाग. स्प्रिंग सगळ्याच चिमट्यांत असते. जाहिरातवाले वस्तूतली सर्वांना माहीत असलेली गोष्ट शोध लागल्यासारखी सांगतात, तीच खोड इथे एका शब्दात पकडली आहे.

३१ जुलै

प्रयोगशाळेच्या दृश्यात चिमट्याला भरलेली बादली लटकवायची आहे. आधी खरा चिमटा काय झेपवतो ते गॅलरीत पाहिलं. दोरीला चिमटा बांधला आणि त्याच्या जबड्यात जाड कापडाच्या पिशवीचा कोपरा दिला. अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली पिशवीत ठेवल्यावर चिमट्याने कशीबशी तग धरली. लिटरची ठेवताच कापड सुळकन सुटलं. ओलं कापड तर आणखी लवकर निसटलं.

त्यात एक गोष्ट ध्यानात आली. चिमटा कपड्याचं वजन पेलतच नाही. वजन दोरी पेलते, कपडा दोरीवर दुमडलेला असतो. चिमट्याचं काम एवढंच की वाऱ्याने तो घसरू नये. पकड जबड्याच्या घर्षणावर आणि स्प्रिंगच्या दाबावर चालते. पावसाळ्यात स्प्रिंग गंजली आणि उन्हाने प्लॅस्टिक कडक झालं की चिमट्याचा कान तुटतो, तोही हमखास आपण दाबतो तेव्हाच. म्हणजे बादलीचा दावा चिमट्याच्या कामाच्या अगदी शेजारचा आहे, पण पूर्ण खोटा. विडंबनाला असंच अंतर हवं.

बादली तंगूसने वरच्या मजल्याच्या गजाला बांधायची. कॅमेऱ्यात तंगूस दिसत नाही.

३ ऑगस्ट, रविवार

तळमजल्यावरच्या वकील ताईंना संहिता दाखवली. कोणी आक्षेप घेईल म्हणून नव्हे, त्यांना हसू येतं का ते पाहायला. त्यांना हसू आलं आणि मग दोन गोष्टी सांगितल्या. त्याने काम बरंच बदललं.

चौथ्या मजल्याने शेवटी घुसवलेलं वाक्य होतं, “सुटला तर हजार रुपये परत!” ताई म्हणाल्या, ते काढ, ते विनोदाच्या जातीतलंच नाही. मग कार्बोलिक स्मोक बॉलची हकिगत सांगितली. इंग्लंडात १८९१ साली या नावाच्या औषधी चेंडूची जाहिरात आली : सांगितल्याप्रमाणे दिवसातून तीनदा, दोन आठवडे वापरूनही इन्फ्लुएंझा झाला तर १०० पौंड देऊ, आणि आमची नियत दाखवायला १,००० पौंड बँकेत ठेवले आहेत. कार्लिल नावाच्या बाईंनी चेंडू वापरला, त्यांना इन्फ्लुएंझा झाला, त्यांनी पैसे मागितले. कंपनीचं म्हणणं, ही तर जाहिरातीतली नुसती फुशारकी. कोर्टाने १८९२ मध्ये ते मानलं नाही, कारण ठरलेली रक्कम, ठरलेली अट आणि बँकेत ठेवलेले पैसे यातून तो खरा शब्द झाला. ‘जगातला सर्वोत्तम चिमटा’ ही फुशारकी, ती कोणी मोजत नाही. ‘सुटला तर हजार’ हे वचन.

आम्हाला कोर्टाची भीती नाही, चिमटा विकायचाच नाही. पण विनोदाच्या दृष्टीनेही ताईंचं बरोबर आहे. हजार रुपये हा आकडा माणूस मनात तपासतो आणि तपासू लागला की हसत नाही. पाऊस थांबवायला ढग पकडणारा चिमटा कोणी तपासत नाही. याच न्यायाने ‘दहापैकी अकरा गृहिणी’ हेही गेलं. त्यात आकडाच डोळा मारतो.

दुसरी गोष्ट बादलीची. तंगूसचं ऐकून त्या हसल्या आणि म्हणाल्या, हे तर सँडपेपर झालं. अमेरिकेत १९५९ मध्ये रॅपिड शेव्ह या दाढीच्या क्रीमची जाहिरात टीव्हीवर आली. क्रीम सँडपेपरला फासलं आणि लगेच वस्तऱ्याच्या एका फटकाऱ्यात तो साफ झाला. प्रत्यक्षात तो सँडपेपर नव्हताच, पारदर्शक प्लॅस्टिकच्या पत्र्यावर वाळू चिकटवली होती. खरा सँडपेपर त्या क्रीममध्ये तासाहून जास्त भिजवावा लागला असता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९६५ मध्ये निकाल कंपनीच्या विरोधात लागला. पडद्यावर ‘बघा, करून दाखवतो’ म्हणून जे दाखवता, ते खरं करून दाखवलेलं हवं.

मग मी विचारलं, तंगूस आहे असं खाली बारीक अक्षरांत लिहिलं तर? इथे ताईंनी तिसरंच सांगितलं. आपल्याकडे जाहिरात मानक परिषद, म्हणजे एएससीआय, १९८५ पासून आहे, आणि खालच्या ओळींबद्दल तिचे नियम आहेत. ओळ जाहिरातीच्याच भाषेत हवी, प्रत्येक ओळ चार सेकंदांपेक्षा जास्त दिसायला हवी, आणि मुख्य म्हणजे वरच्या दाव्याला तिने खोटं पाडता कामा नये.

म्हणजे आमचा विनोद नेमका कुठे आहे ते कळलं. बाकीचे सगळे नियम पाळायचे आणि शेवटचा तेवढा मोडायचा. वर आवाज दावा करतो, खाली ओळ तो शांतपणे मागे घेते. रात्रीत तीन ओळी तयार झाल्या :

बादलीखाली : “बादली तंगूसने बांधलेली आहे.”
शास्त्रज्ञाखाली : “चाचणीतील काकू : १. निकाल वाऱ्यावर अवलंबून.”
ढगाखाली : “ढग वेगळा विकत घ्यावा लागेल.”

१० ऑगस्ट, रविवार

चित्रीकरण. सकाळी आभाळ भरलेलं, पण पाऊस नाही. आम्हाला तेच हवं होतं, भरल्या आभाळाचा प्रकाश सगळीकडे सारखा पडतो आणि काकूंच्या चेहऱ्यावर कठड्याची सावली येत नाही.

टॉवेल उडण्याचं दृश्य मोबाइलवर सेकंदाला १२० फ्रेमने घेतलं. २५ च्या वेगाने दाखवलं की ते जवळपास पाचपट संथ होतं. टॉवेल खाली जाताना काकूंचा हात त्याच्यामागे जातो आणि राहतो. टॉवेल टाकणारा माणूस गच्चीवर, पकडणारा खाली. वारा ऐनवेळी नव्हताच, पुठ्ठ्याने घातला.

प्रयोगशाळा जिन्याखालच्या खोलीत. पांढरा कोट म्हणजे बारावीच्या केमिस्ट्री प्रॅक्टिकलचा ॲप्रन, खिशाला पेन. इथलं संथ चित्र मात्र धडधडायला लागलं. कारण दिवा. जुन्या चोकची ट्यूबलाइट आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते. १२० फ्रेम घेताना प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला त्या चढउताराचा वेगळा तुकडा येतो. डोळ्यांना हे दिसत नाही, चित्र तपासलं तरच कळतं. ट्यूब बंद केली, दार उघडलं आणि दारात पांढरी चादर धरून बाहेरचा उजेड आत घेतला. बाणांच्या दृश्याला संथपणा नकोच होता, ते साध्या २५ फ्रेमवर, शटर १/५० ठेवून घेतलं. त्या वेगाला ट्यूबचे पूर्ण दोन चढउतार प्रत्येक फ्रेममध्ये मावतात, म्हणून थरथर येत नाही.

ढग म्हणजे गादीवाल्याकडचा कापूस, तंगूसवर. कॅमेऱ्याजवळ दोरी आणि कापूस, मागे दूर सोसायटीची पाण्याची टाकी. कापूस टाकीपेक्षा मोठा दिसतो. चिमटा लागतो, टक्, आणि पडद्यामागे कोणीतरी पाण्याचा पाइप बंद करतं, पाऊस थांबतो. हे पहिल्याच वेळी जमलं, त्यामुळे सगळ्यांना वाटलं उरलेलंही सोपं आहे.

सगळ्यात अवघड निघालं ते न हसणं. शास्त्रज्ञ झालेले काका ‘स्प्रिंग’ म्हणताना भुवई उचलतात. ती भुवई म्हणजे प्रेक्षकाला दिलेली खूण, की बघा, विनोद आहे. तिथेच विनोद मरतो. काकांना सांगून उपयोग होईना, कारण त्यांना वाटत होतं ते काहीच करत नाहीत. शेवटी कॅमेऱ्यामागे बँकेच्या मुदत ठेवीच्या दरांचा कागद धरला आणि म्हटलं, हे वाचताय असं समजून ‘स्प्रिंग’ म्हणा. चेहरा एकदम जागेवर आला.

काकूंना काही सांगावंच लागलं नाही. खालच्यांशी बोलावं लागणार हे दुःख त्यांच्या चेहऱ्यावर आपोआप होतं.

१४ ऑगस्ट

आवाज. कपाट उघडून गोधड्यांच्या मधे मोबाइल ठेवून बोलायचं, खोलीचा घुमारा जातो. आवाज पहिल्या मजल्यावरच्या दादाचा, भरदार आहे, पण ‘सादर आहे’ म्हणताना जत्रेतला होतो. खऱ्या जाहिरातीत आवाज वस्तूवर प्रेम करतो, ओरडत नाही. हळू, जवळून, वाक्याच्या शेवटी किंचित हसरा. ‘टक्’ साठी प्लॅस्टिकचा चिमटा दाराच्या कडीवर मारून पाहिला, स्टीलच्या वाटीच्या काठावर लावला. वाटीचा आवाज सगळ्यात महाग वाटला.

१७ ऑगस्ट, रविवार

जोडणी. अडचण ढगाखालच्या ओळीची. ढग तीन सेकंदच दिसतो, ओळ वाचून होत नाही. ओळ वाचली गेली नाही तर शेवटचा हशा गेला. नियम काय म्हणून चार सेकंद मागतो ते इथे उमगतं : डोळे आधी चित्र बघतात, मग खाली येतात, मग वाचतात.

सेकंद आणायचे कुठून? गोधडी काढली. टॉवेलनंतर गोधडी म्हणजे तेच, फक्त जाड. दावा वाढत नाही, कापड वाढतं. आता टॉवेल, मग काकांची दुपारची झोप (दाराचे पडदे मधोमध चिमट्याने बंद, बाहेरची सावली येते, थबकते, परत जाते), मग ढग. काकूंनी गोधडी खास ट्रंकेतून काढून उन्हात घालून दिली होती. त्यांना अजून सांगितलेलं नाही.

अक्षरांचा आकार : नियमात एचडी चित्रासाठी किमान १८ पिक्सेल उंची आहे. देवनागरीत वर वेलांटी आणि खाली उकार असतात, तेवढ्यात ‘तंगूस’चा ‘तंगस’ दिसतो. आम्ही चाळीसच्या पुढे गेलो. ओळ बारीक वाटली पाहिजे, पण मागच्या खुर्चीतल्या आजोबांना दिसलीही पाहिजे. यात कंजूषपणा नको.

२४ ऑगस्ट, रविवार

क्लबहाउसमधे चाचणी, पाच-सात कुटुंबं. ‘स्प्रिंग’ला हशा आला, अपेक्षेपेक्षा मोठा, आणि त्यात पुढचं “टॉवेल असो” बुडालं. टीव्हीवर हा प्रश्न येत नाही, घरात दोघं हसतात. हॉलमधे हसू ओसरायला दोन सेकंद लागतात. पण जाहिरात हशासाठी थांबली तर ती जाहिरात राहत नाही.

म्हणून ‘स्प्रिंग’नंतर बाणांचं चित्र दोन सेकंद वाढवलं. आवाज नाही, फक्त गंभीर संगीत आणि स्प्रिंगमधे शिरणारे निळे बाण. ज्यांना हसायचंय त्यांनी हसावं, बाकीच्यांनी विज्ञान बघावं. काकूंची ओळही तिथेच जास्त वेळ राहते. ही जागा गोधडीनेच मोकळी केली.

एका मुलीने विचारलं, बाण कुठून आत जातायत? उत्तर नाही. खऱ्या जाहिरातींतही नसतं.

३० ऑगस्ट, शनिवार

दाखवली. फॅन्सी ड्रेसमधला भाजीवाला अजून रंगमंचावर रडत होता तेव्हाच सुरू झाली, त्यामुळे पहिले दोन सेकंद अनेकांना ती खरीच जाहिरात वाटली. प्रायोजकाची असेल म्हणून लोक गप्प बसले. हे ठरवलेलं नव्हतं, पण पुढच्या वेळी मुद्दाम असंच करायचं. ‘त्यांच्याशी बोलायचं’ला दुसऱ्या मजल्यावरची मंडळी सगळ्यात मोठ्याने हसली. बादलीखालची ओळ निम्म्यांनी वाचली, ढगाखालची सगळ्यांनी. तंगूसचा विनोद लोक वाचतात आणि मग बादलीकडे बघत बसतात, म्हणून तिथला हशा उशिरा येतो.

३१ ऑगस्ट, रविवार

शेजारच्या सोसायटीला विसर्जनाआधी दाखवायची आहे, पण त्यांच्याकडे पंधराच सेकंद आहेत, म्हणजे ३७५ फ्रेम. सगळंच निम्मं करून चालणार नाही. दुःख राहील, ते चार सेकंदांत आणता येतं. ‘स्प्रिंग’ आणि त्यानंतरची शांतता राहील. ढग त्याच्या पूर्ण ओळीसकट राहील. काकूंचं शेवटचं “सोडत नाही” राहील. झोप जाईल. बादली जाईल, आणि आता गोधडी व बादली दोन्ही गेल्याचं काकूंना एकदमच सांगावं लागेल, कारण बादलीही त्यांचीच होती.